आघाडीला किती हव्यात?

२८ फेब्रुवारी २०२५. नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर रणजी करंडकाच्या अंतिम सामन्याचा तिसरा दिवस. विदर्भाच्या ३७९ धावांचा पाठलाग करताना केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ वर खेळत होता. पार्थ रेखडेच्या फिरकीवर त्याने चेंडू उचलून मारला आणि डीप मिडविकेटला करुण नायरने झेल घेतला. शतकाला दोन धावा कमी पडल्या.

अशा क्षणी स्थानिक बातम्यांच्या संकेतस्थळावर लाइव्ह ब्लॉग चालवणाऱ्याच्या बोटांवर पहिलं वाक्य काय येतं, हे सांगायला ज्योतिषी नको. ‘सचिन बेबी बाद! अवघ्या दोन धावांनी शतक हुकलं!’ वाक्यात खोटं काही नाही. पण सीताबर्डीवरच्या दुकानात दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळेत मोबाइल उघडणाऱ्या माणसाला ते अर्धवट सोडून देतं. त्याला बेबीच्या शतकाची हळहळ असेलही, पण त्याचा खरा प्रश्न वेगळा आहे. केरळला आघाडीसाठी अजून किती हव्यात? त्यांच्या किती विकेट शिल्लक आहेत?

रणजीच्या बाद फेरीतला सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेतलेला संघ पुढे जातो किंवा करंडक उचलतो. पाच दिवसांच्या या सामन्यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा त्यामुळे ३८० हा होता. बेबी बाद झाला तेव्हा केरळच्या ७ बाद ३२४ धावा होत्या. म्हणजे बरोबरीला ५५ आणि आघाडीला ५६. या एका धावेचा फरक डेस्कवर हमखास चुकतो आणि वाचक हमखास पकडतो. बेबीच्या विकेटची नोंद खालीलप्रमाणे लिहिली तर दुकानातल्या माणसाला वरखाली काहीच शोधावं लागणार नाही. (या लेखातल्या नमुन्याच्या नोंदींमधल्या वेळा केवळ दाखवण्यापुरत्या आहेत.)

दु. ३.१० | केरळ ७ बाद ३२४, आघाडीसाठी अजून ५६ हव्यात
केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ वर झेलबाद. विदर्भाच्या पार्थ रेखडेला उचलून मारताना करुण नायरच्या हाती गेला. जलज सक्सेना मैदानात आहे, पण आता जोडीला तळाचे फलंदाजच उरले आहेत. विदर्भ पहिला डाव : ३७९.

मथळ्यात सामना कुठे उभा आहे ते, पहिल्या वाक्यात काय घडलं ते, दुसऱ्यात कसं घडलं ते आणि शेवटी त्याचा परिणाम. सारी नोंद तीस-पस्तीस शब्दांची. घटना मथळ्यात नाही याचं अनेकांना नवल वाटेल. बातमी म्हणजे घटना, ती वर हवी, हे छापील पत्रकारितेत अंगवळणी पडलेलं असतं. पण लाइव्ह ब्लॉगचा वाचक घटनेनंतर दोन मिनिटांनी येतो, तसाच चाळीस मिनिटांनीही येतो, आणि दोघांनाही आधी स्थिती हवी असते.

चेंडूवार वर्णन हे काम नव्हे

लाइव्ह ब्लॉग म्हणजे एकाच पानावर सामनाभर वाढत जाणारी, वेळेचा शिक्का असलेल्या छोट्या नोंदींची साखळी. नवी नोंद वर, जुन्या खाली सरकत जातात. दिसायला ते इंटरनेटवरच्या चेंडूवार वर्णनासारखं दिसतं आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो. चेंडूवार वर्णनाची परंपरा जुनी आहे. १९९३ मध्ये क्रिकइन्फो सुरू झालं तेव्हापासून जगभरचे क्रिकेटवेडे ते वाचत आले आहेत. त्यामागे धावफलक लिहिणारा वेगळा, वर्णन करणारा वेगळा आणि आकडेवारी सांभाळणारा वेगळा, अशी फौज असते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या संकेतस्थळाकडे बहुधा एकच माणूस असतो आणि त्यालाच अधूनमधून महापालिकेची बातमीही टाकायची असते.

रणजीत दिवसाला ९० षटकं ठरलेली असतात, म्हणजे ५४० चेंडू. त्यातल्या प्रत्येकाची नोंद करायला गेलं तर दुपारपर्यंत दम निघतो आणि पानही वाचण्यालायक राहत नाही. एका दिवसाला पंचवीस-तीस नोंदी पुरतात. त्यांतल्या सहा-सात तर घड्याळच ठरवून देतं : नाणेफेक किंवा दिवसाची सुरुवात, साडेअकराचा उपाहार, दोन-दहाचं चहापान, साडेचारला खेळ संपल्याची नोंद आणि प्रत्येक सत्राच्या मध्ये एकेक. उरलेल्या विकेट, अर्धशतकं, शतकं आणि ज्याने सामन्याचा रोख बदलला असं काही, यांसाठी.

‘रोख बदलला’ हे कळायला मात्र क्रिकेट कळावं लागतं. याच सामन्यात पहिल्या दिवशी केरळने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतलं आणि विदर्भाची ३ बाद २४ अशी अवस्था केली. तिथून दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ धावांची भागीदारी केली. ही भागीदारी चालू असताना तासभर विकेट पडत नाही, चौकारही तुरळक. ब्लॉग ओस पडल्यासारखा वाटतो आणि तो भरायला मग ‘प्रेक्षकांचा जल्लोष’, ‘उन्हाचा तडाखा’ अशा नोंदी येऊ लागतात. त्यापेक्षा भागीदारी ५०, १०० आणि १५० झाली की एकेक नोंद करावी आणि त्यात ३ बाद २४ चा उल्लेख दरवेळी असावा. अशा वेळी बातमी त्या अंतराचीच असते. शंभर धावांच्या भागीदारीवर ‘मालेवार-नायर जोडी जमली’ एवढंच लिहिलं तर सकाळी शाळा-कॉलेजात असलेल्याला ती जोडी कोणत्या खड्ड्यातून वर आली ते कळणार कसं?

प्रत्येक नोंद एकटी वाचली जाते

ब्लॉग लिहिणारा माणूस सामना सलग पाहतो, वाचक सलग वाचत नाही. कोणीतरी व्हॉट्सअॅपवर एकाच नोंदीची लिंक पाठवतो, कोणी तिचा स्क्रीनशॉट. त्यामुळे ‘त्याने’, ‘यानंतर लगेच’, ‘दुसरा धक्का’ हे शब्द धोक्याचे. कोणी? कशानंतर? कोणाला धक्का?

जामठ्याच्या सामन्यात हा धोका नावांमुळे दुप्पट झाला होता. नायर आडनाव ऐकलं की अनोळखी वाचक त्याला केरळच्या संघात बसवणार, पण करुण नायर विदर्भाकडून खेळत होता. उलट आदित्य सरवटे हे नाव वाचून नागपूरकर त्याला आपलाच समजणार, कारण तो वर्षानुवर्षं विदर्भाकडून खेळला. या मोसमात तो केरळकडे होता आणि विदर्भाविरुद्ध त्याने ७९ धावा केल्या. ‘सरवटेचं अर्धशतक, नायर निराश’ अशी नोंद ज्याने कुठूनतरी मध्येच उघडली असेल, त्याने सामना उलटाच समजून घेतला असेल. उपाय साधा आहे आणि थोडा कंटाळवाणा : प्रत्येक नोंदीत खेळाडूचा संघ लिहायचा. ‘केरळचा सरवटे’, ‘विदर्भाचा नायर’. सलग दहा नोंदी वाचणाऱ्याला ते खटकेल. पण असा वाचक ब्लॉग चालवणाऱ्याच्या घरातच सापडण्याची शक्यता जास्त.

भूमिकांचंही तसंच. पार्थ रेखडे पहिल्या दिवशी विदर्भाचा सलामीवीर म्हणून आला आणि सामन्याच्या दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर बाद झाला. तिसऱ्या दिवशी बेबीची विकेट घेणारा गोलंदाजही तोच. दर्शन नळकांडे पहिल्या डावात तिसऱ्या क्रमांकावर फलंदाजीला आला आणि नंतर त्याने तीन विकेट घेतल्या. अशा खेळाडूंपुढे ‘फिरकी गोलंदाज’ किंवा ‘सलामीवीर’ असं एक विशेषण चिकटवून मोकळं होता येत नाही. त्या नोंदीत तो काय करतोय, तेवढं लिहावं.

वेळ आणि षटक

वेळेच्या शिक्क्यात दोन वेळा दडलेल्या असतात : घटना घडली ती आणि नोंद प्रसिद्ध झाली ती. मोबाइलवरचं थेट प्रक्षेपण मैदानापेक्षा काही सेकंद मागे असतं, कधी त्याहून बरंच मागे. त्यात लिहिणं, वाचून पाहणं, कळ दाबणं आलं. म्हणून शिक्का प्रसिद्धीचाच ठेवावा आणि घटनेची जागा षटकाने दाखवावी. घड्याळ पुढेमागे होतं, षटकाचा आकडा होत नाही.

तो लिहिण्यात मात्र एक जुना सापळा आहे. धावफलकावर ८२.४ दिसतं त्याचा अर्थ ८२ षटकं पूर्ण झाली आणि पुढच्या षटकाचे चार चेंडू पडले. हा दशांश अपूर्णांक नव्हे, कारण सहाव्या चेंडूनंतर षटकच बदलतं. आणि ८२.४ ला पडलेली विकेट ‘८२ व्या षटकात’ पडलेली नसते, ती ८३ व्या षटकात पडते. मराठी नोंदींमध्ये ही चूक रोज दिसते. ८० षटकांनंतर नवा चेंडू घेता येतो, त्या सुमारास तर ती चांगलीच अंगाशी येते. ‘८० व्या षटकात विकेट’ लिहिलं की वाचकाला ती जुन्या चेंडूवर पडल्यासारखी वाटते. ती ८०.३ ला पडली असेल तर तोपर्यंत नवा चेंडू हातात आलेला असू शकतो. सरळ ‘८०.३’ लिहावं आणि मोकळं व्हावं.

‘५ मिनिटांपूर्वी’ अशा सापेक्ष वेळा बऱ्याच संकेतस्थळांवर आपोआप येतात. चालू सामन्यात त्या बऱ्या दिसतात, पण स्क्रीनशॉटमध्ये त्या कायमच्या पाच मिनिटांपूर्वीच्याच राहतात आणि रात्री वाचणाऱ्याला त्यांचा काहीच उपयोग नसतो. प्रत्यक्ष वेळ हवी आणि बहुदिवसीय सामन्यात तिच्याबरोबर दिवसही हवा : ‘तिसरा दिवस, दु. ३.१०’. न्यू जर्सीतला नागपूरकर हा सामना वाचत असेल तर जामठ्यात सकाळी साडेनऊला पहिला चेंडू पडतो तेव्हा त्याच्याकडे, फेब्रुवारीत, आदल्या रात्रीचे अकरा वाजलेले असतात. संकेतस्थळाने त्याला त्याच्या स्थानिक वेळेत शिक्का दाखवला तर उपाहाराची नोंद मध्यरात्रीनंतरची दिसते आणि तारखेचा गोंधळ उडतो तो वेगळाच. भारतीय वेळ ठेवून तसं एकदा पानाच्या माथ्यावर सांगणं बरं.

पडद्यामागे ही वेळ यंत्रालाही कळावी लागते. शोधयंत्रांना हे पान म्हणजे चालू घडामोडींची साखळी आहे हे सांगण्यासाठी schema.org या सार्वजनिक शब्दसंग्रहात `LiveBlogPosting` नावाचा प्रकार आहे. पानाच्या आत तो साधारण असा बसतो :

```json
{
  "@context": "https://schema.org",
  "@type": "LiveBlogPosting",
  "coverageStartTime": "2025-02-26T09:00:00+05:30",
  "liveBlogUpdate": [{
    "@type": "BlogPosting",
    "headline": "केरळ ७ बाद ३२४, आघाडीसाठी अजून ५६ हव्यात",
    "datePublished": "2025-02-28T15:10:00+05:30"
  }]
}
```

यातलं `+05:30` गळलं तर वाचणारं यंत्र ती वेळ दुसऱ्याच प्रदेशाची समजू शकतं आणि नोंद साडेपाच तास पुढे किंवा मागे जाते. दुपारी केलेली नोंद रात्रीची दिसायला लागली की पहिला संशय इथे घ्यावा. नोंद नंतर बदलली तर `datePublished` तसाच ठेवून `dateModified` भरतात. बदलासरशी प्रसिद्धीची वेळच पुढे ढकलायची सवय काही संकेतस्थळांना असते. त्यामुळे सकाळची विकेट संध्याकाळी पुन्हा ‘ताजी’ होऊन वर येते, आणि ही लबाडी वाचकाच्या लगेच लक्षात येते.

हेल्मेटवरून उडालेला झेल

निर्णय होण्याआधी लिहायचं की नाही, हा रोजचा पेच. त्याचं याच मोसमातलं उत्तम उदाहरण अंतिम सामन्याच्या आठवडाभर आधी अहमदाबादमध्ये घडलं. उपांत्य सामना, केरळ विरुद्ध गुजरात. केरळच्या ४५७ ला उत्तर देताना गुजरात ९ बाद ४५५ वर पोहोचलं होतं. आघाडीला तीन धावा हव्या होत्या. नागवासवालाने सरवटेच्या चेंडूवर जोरात फटका मारला. चेंडू शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळून वर उडाला आणि स्लिपमध्ये सचिन बेबीने तो झेलला. बाद की नाबाद?

ज्याचं क्रिकेट २०१७ च्या आधीचं, त्याच्या डोक्यात ‘हेल्मेटला लागला, म्हणजे नाबाद’ हेच येणार, कारण तेव्हा नियम तसाच होता. २०१७ च्या नव्या नियमावलीपासून क्षेत्ररक्षकाने घातलेल्या हेल्मेटला लागून उडालेला चेंडू जमिनीला टेकण्याआधी पकडला तर तो झेल धरला जातो. गुजरातचा डाव संपला. केरळला दोन धावांची आघाडी मिळाली आणि त्या दोन धावांवर ते आपल्या पहिल्यावहिल्या रणजी अंतिम सामन्यात पोहोचले.

त्या अर्ध्या-एक मिनिटात ब्लॉगवर जे येतं त्याचे तीन मार्ग आहेत. एक, काहीच न लिहिता निर्णयाची वाट पाहणं. मैदानात सगळा गदारोळ असताना पान गप्प राहतं. दोन, अंदाजाने निकाल लिहून टाकणं. यात निम्म्या वेळा तोंडघशी पडायची वेळ येते. तिसरा मार्ग दोन टप्प्यांचा. आधी दिसलं तेवढंच :

स. १०.५० | थांबा! गुजरात ९ बाद ४५५, आघाडीला ३ हव्यात
नागवासवालाचा फटका शॉर्ट लेगच्या हेल्मेटवरून उडून स्लिपमध्ये केरळच्या बेबीच्या हाती. निर्णयाची वाट पाहू.

आणि निर्णय झाल्यावर नवी नोंद, तिच्यात नियमाचं एक वाक्य. पहिली नोंद पुसायची नाही. ती चुकीची नाहीच, त्या क्षणाची खरी स्थिती आहे. पुढे वाचणाऱ्याला त्यातला थरार कळतो तोही त्यामुळेच.

खरोखर चूक झाली असेल, धावा चुकल्या, गोलंदाज दुसराच लिहिला गेला, तर नोंद दुरुस्त करून तिच्याखाली ‘दुरुस्ती, ११.०५ : गोलंदाजाचं नाव बदललं आहे’ एवढी ओळ जोडावी. गुपचूप बदल केला तरी जुना स्क्रीनशॉट गावभर फिरत असतोच.

जीवदान आणि पश्चातबुद्धी

चौथ्या दिवशी दुसऱ्या डावात विदर्भाची सुरुवात २ बाद ७ अशी झाली. करुण नायर ३१ वर असताना स्लिपमध्ये त्याचा झेल सुटला. त्या क्षणी ही नोंद दोन ओळींची. झेल सुटणं ही क्रिकेटमध्ये रोजची गोष्ट, त्यातल्या किती महागात पडतात हे आधी कोणाला ठाऊक असतं? नायर दिवसअखेर १३२ वर नाबाद होता, मालेवारबरोबरची त्याची भागीदारी १८२ धावांची झाली होती, आणि केरळच्या हातून सामना बराचसा निसटला होता.

अशा वेळी मागे जाऊन सकाळच्या नोंदीला ‘सामन्याचा निर्णायक क्षण!’ असा मथळा चढवायचा मोह होतो. तो टाळावा. सकाळी दहा-अकराचा शिक्का असलेल्या नोंदीला संध्याकाळचं शहाणपण शोभत नाही आणि तो शिक्काच मग खोटा पडतो. योग्य जागा म्हणजे नायरच्या शतकाची नोंद : ‘विदर्भाच्या नायरचं शतक, ३१ वर मिळालं होतं जीवदान’, आणि ‘जीवदान’ या शब्दाला सकाळच्या नोंदीची लिंक. वाचकाला हवं तर तो मागे जाऊन पाहील.

शतकानंतर नायरने ड्रेसिंग रूमकडे नऊ बोटं दाखवली, कारण देशांतर्गत मोसमातलं त्याचं हे सर्व प्रकारांत मिळून नववं शतक होतं. हा तपशील शतक झाल्यावर शोधायला बसलं तर दहा मिनिटं जातात. म्हणून सामन्याआधीच ‘होऊ शकेल असं’ एक टिपण तयार असावं लागतं. हर्ष दुबेचं उदाहरण आणखी बोलकं आहे. विदर्भाचा हा डावखुरा फिरकीपटू अंतिम सामन्यात ६६ विकेट घेऊन उतरला होता. एका रणजी मोसमातल्या सर्वाधिक विकेटचा विक्रम ६८, बिहारच्या आशुतोष अमनचा, २०१८-१९ मधला. तीन विकेट मिळाल्या की विक्रम मोडणार, हे पहिल्या चेंडूआधीच स्पष्ट होतं. केरळच्या पहिल्या डावात त्याला नेमक्या तीनच मिळाल्या. ज्याच्याकडे मथळा, जुना आकडा आणि वर्ष लिहून तयार होतं, त्याला तिसऱ्या विकेटला फक्त बाद झालेल्या फलंदाजाचं नाव भरायचं होतं. नागपूरच्या संकेतस्थळाने राष्ट्रीय माध्यमांना मागे टाकावं अशी जागा असेल तर ती हीच. तळाचा फलंदाज बाद झाल्याची बातमी सगळेच देतात, पण तिच्या आत गावच्या पोराचा विक्रम दडलाय हे गावातल्या माणसाला आधी माहीत असतं.

माथ्यावरची पेटी

नोंदींच्या वर एक स्थिर पेटी असते. ती तीन ओळींपेक्षा मोठी नसावी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, केरळचा डाव ३४२ वर संपल्यावर, तिच्यात एवढं पुरे होतं : विदर्भाला ३७ धावांची आघाडी, सामना अनिर्णित राहिला तर करंडक विदर्भाचा, केरळला जिंकण्यासाठी विदर्भाला पुन्हा बाद करून लक्ष्य गाठावं लागेल. मधली ओळ क्रिकेट रोज न पाहणाऱ्यांसाठी आणि ती सामना संपेपर्यंत हलवायची नाही. या पेटीलाही तिची स्वतःची वेळ हवी. खाली ताज्या नोंदी सरकत असताना वरची पेटी दोन तास जुनी राहणं हा लाइव्ह ब्लॉगचा सर्वांत नेहमीचा आजार आहे. ओळखायची खूण सोपी : पेटीतला धावफलक आणि सर्वांत वरच्या नोंदीतला धावफलक जुळत नाही. कोणत्याही वेळी हे दोन आकडे ताडून पाहायला दहा सेकंद लागतात.

पाचवा दिवस लिहिणाऱ्याची वेगळी परीक्षा घेतो. आघाडी विदर्भाकडे, दुसऱ्या डावातही धावा वाढत चाललेल्या. सामना कागदावर चालू आणि प्रत्यक्षात जवळपास निकाली. चुरस नसताना ‘थरार शिगेला’ लिहू नये. नोंदी विरळ कराव्यात आणि त्यांत करुण नायर १३५ वर सरवटेच्या चेंडूवर यष्टिचीत झाला, विदर्भाची एकूण आघाडी चारशेपार गेली, असे टप्पे घ्यावेत. विदर्भ ९ बाद ३७५ वर असताना, नळकांडेचं अर्धशतक झाल्यावर, खेळ थांबला.

आता शेवटचा मथळा. ‘विदर्भाने केरळला हरवलं’ हे धादांत चूक, कारण केरळ हरलं नाही. ‘सामना अनिर्णित’ हे बरोबर, पण नागपूरच्या वाचकाला त्यातून काहीच मिळत नाही. ‘सामना अनिर्णित, पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर रणजी करंडक विदर्भाकडे’ यात दोन्ही येतं. खालच्या दोन वाक्यांत हे विदर्भाचं २०१७-१८ आणि २०१८-१९ नंतरचं तिसरं विजेतेपद, आणि सामनावीर १५३ व ७३ धावा करणारा मालेवार.

यानंतरही पान बंद करायचं काम उरतंच. पानाच्या मुख्य मथळ्यातला ‘लाइव्ह’ शब्द काढायचा, `coverageEndTime` भरायची, सविस्तर बातमीची लिंक पेटीत घालायची आणि सर्वांत वर ‘या पानावर आता नव्या नोंदी येणार नाहीत’ अशी ओळ टाकायची. विजयाच्या गडबडीत हे राहून जातं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही पानावर लाल ठिपका लुकलुकत राहतो. मग कोणीतरी विचारतो, सामना अजून चालू आहे का?